एक कार्टन कमी

आमच्या कंपनीची बस पहाटे सव्वासहाला वाळूजच्या गेटवर पोचते. पहिल्या पाळीच्या बायका त्याआधी अर्धा-पाऊण तास बसमध्ये असतात, आणि मी दर सोमवारी त्यांच्यासाठी टाकते ती व्हिडिओ क्लिप बघितली जाते ती तिथंच. पॅकिंग विभागात मोबाइल न्यायला बंदी आहे. फोन लॉकरमध्ये जातो तो सुटीलाच बाहेर येतो. इअरफोन दोघी-तिघींकडंच असतात. बाकीच्या आवाज बारीक करून, नाहीतर शेजारणीच्या खांद्यावरून बघतात. इंजिनचा आवाज, खिडकीतला वारा, कुणाची तरी डुलकी. ज्या क्लिपसाठी मी रविवारचा अर्धा दिवस घालवते, तिचं प्रेक्षागृह हे असं आहे.

मी एका औषध कंपनीत पॅकिंगची शिफ्ट सांभाळते. टेबलवर हातानं खोकी भरणाऱ्या, खोक्यांचं वजन तपासणारं चेकवेयर मशीन बघणाऱ्या, शिपर म्हणजे बाहेरची मोठी खोकी टेप करणाऱ्या अशा सव्वीस जणी-जणांचा चमू. दोन वर्षांपूर्वी मनुष्यबळ विभागानं सगळ्या शिफ्टप्रमुखांना सांगितलं, दर सोमवारी आपल्या टीमसाठी दीड मिनिटाचा प्रेरणादायी व्हिडिओ टाकायचा. नमुना म्हणून एक फाइलही आली. त्यात गरुडाची गोष्ट होती: चाळीस वर्षांचा झाला की गरुड डोंगरावर जातो, खडकावर आपटून जुनी चोच तोडतो, नवी येईपर्यंत थांबतो आणि पुढं तीस वर्षं जगतो. ही गोष्ट खोटी आहे. चोच गेलेल्या गरुडाला खाता येणार नाही, तो उपाशी मरेल. पण पहिल्या महिन्यात मी तीच वाचली. नंतर मुंग्या झाल्या, डबेवाले झाले, अर्धा भरलेला पेला झाला. ग्रुपवर अंगठे यायचे. सव्वीसपैकी वीस-बावीस अंगठे, न चुकता.

अंगठ्यांचा अर्थ लागायला मला वेळ लागला. अंगठा म्हणजे ‘मॅडमचा मेसेज पोचला’. त्याहून जास्त काही नाही. क्लिपमधलं एक वाक्यसुद्धा टेबलवर कुणाच्या तोंडी आलं नव्हतं.

मग मी ठरवलं की बाहेरची गोष्ट घ्यायचीच नाही. आपल्याच आठवड्यातली घ्यायची. आणि पहिल्याच फटक्यात मोठी चूक केली. दिवाळीआधीच्या गर्दीत गोळ्यांच्या पट्ट्या करणाऱ्या ब्लिस्टर मशीनवरचा एक ऑपरेटर सलग दोन पाळ्या थांबला होता, कारण बदली येणारा आला नव्हता. मी त्याचं नाव घेऊन क्लिप केली: सोळा तास उभा होता, एकदाही तक्रार केली नाही, असा माणूस आपल्यात आहे याचा अभिमान वाटतो. त्या सोमवारी अंगठे नव्हते, टाळ्या होत्या. बुधवारी एक पॅकर दुपारी माझ्याकडं आली आणि दाराशीच उभी राहून म्हणाली, “मॅडम, मी गेले तर चालंल ना?” कपाळाला हात लावला तर चटका बसला. सकाळपासून तापात होती ती. औषधाच्या उघड्या मालाजवळ आजारी माणसानं काम करायचंच नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम, आणि तो तिला माझ्याइतकाच पाठ होता. पण सोमवारी मी दुसराच नियम सांगून बसले होते.

तेव्हापासून कुठलीही घटना निवडताना मी स्वतःला एक प्रश्न विचारते: हे सगळ्यांनी रोज केलं तर चालेल का? सोळा तास उभं राहणं सगळ्यांनी रोज केलं, तर आठवडाभरात माणसं पडतील. ती घटना कौतुकाची असेल, क्लिपची नाही. ऑपरेटरचे आभार मी त्याला बाजूला घेऊन मानायला हवे होते, आणि बदली का आली नाही ते कंत्राटदाराला विचारायला हवं होतं.

आता निवड कशी करते ते सांगते. माझ्या खिशात एक छोटी वही असते. आत कागद न्यायचे नियम कडक आहेत, म्हणून ती टेबलाजवळ नेत नाही, ऑफिसात येऊन लिहिते. आठवड्यात चार-पाच नोंदी होतात. ‘मंगळवारी लीक टेस्टला दोन पट्ट्यांत निळं पाणी शिरलं, हिनं आधीच सीलिंग फिकं दिसतंय म्हणून सांगितलेलं.’ ‘शुक्रवारी नव्या मुलीला पत्रकाची घडी शिकवताना तिनं आपला कोटा मागं ठेवला.’ शनिवारी वही उघडते आणि एकच उचलते. दोन उचलल्या की क्लिप अहवालासारखी होते.

गेल्या पावसाळ्यातली एक क्लिप सविस्तर सांगते, कारण ती लिहिताना मला या कामाबद्दल सगळ्यात जास्त कळलं.

गुरुवार, दुसरी पाळी, तीन नंबरचं टेबल. रक्तदाबाच्या पाच मिलिग्रॅमच्या गोळीची बॅच संपत आली होती. दहा गोळ्यांची पट्टी, दहा पट्ट्यांचं खोकं. छापील माल आमच्याकडं मोजून येतो आणि बॅच संपली की मोजूनच हिशेब द्यावा लागतो. बॅच नंबर छापलेली ५,१०० कार्टन, म्हणजे घडी न उघडलेली रिकामी खोकी, टेबलला मिळाली होती. भरलेली ४,९६२. फाटलेली, छपाई पुसट म्हणून बाजूला काढलेली ६१. नमुन्यासाठी गेलेली १२. उरलेली ६४, ती फाडून नष्ट करायची. बेरीज ५,०९९.

एक कमी.

आमच्या कागदावर अर्ध्या टक्क्याचा फरक चालतो. ५,१०० ला अर्धा टक्का म्हणजे पंचवीस. एका कार्टनसाठी कुणी अडवलं नसतं. जुन्या बॅचचं काही मागं राहिलं नाही ना ते बघायला, म्हणजे लाइन क्लिअरन्सला, गुणवत्ता विभागाचा माणूस येतो, टेबलवर, टेबलखाली, डब्यात बघतो, सही करतो, पुढची बॅच लागते. पण पुढची बॅच अडीच मिलिग्रॅमची होती. कार्टन त्याच मापाचं, तोच निळा रंग, फक्त कोपऱ्यातला आकडा वेगळा. टेबलच्या टोकाला बसणारी एक पॅकर रजिस्टरकडं बघत म्हणाली, “ते एक कुठंय पण?”

पस्तीस मिनिटं लाइन बंद राहिली. फाटलेल्या कार्टनची पिशवी जमिनीवर ओतून पुन्हा मोजली. भरलेल्या शिपरची वजनं ताडली. शेवटी टेबल भिंतीपासून ओढलं, आणि बेल्टच्या कडेला जी स्टीलची पट्टी असते तिच्यामागं ते कार्टन सापडलं. घडी न उघडलेलं, चपटं, उभं सरकून बसलेलं. वरून बघणाऱ्याला दिसणं शक्यच नव्हतं.

ते तिथंच राहिलं असतं, तर बेल्टच्या हादऱ्यानं कधीतरी वर आलं असतं आणि अडीचच्या बॅचमध्ये कुणीतरी भराभर उघडून भरलं असतं. पाचच्या खोक्यात अडीचच्या पट्ट्या. पट्टीच्या फॉइलवर अडीच छापलेलं असतंच, पण गर्दीच्या वेळी दुकानदार खोक्यावरचा आकडा बघून पट्टी काढून देतो, आणि घरी म्हातारा माणूस गोळीचा रंग बघून घेतो.

शनिवारी वहीतून हीच नोंद निघाली यात नवल नाही. रविवारी लिहायला बसले आणि पहिला मसुदा असा उतरला:

“मित्रांनो, छोट्या गोष्टीच मोठा बदल घडवतात. आपल्या एका ताईनं दाखवलेली सतर्कता आणि कामावरची निष्ठा आपल्या सर्वांसाठी आदर्श आहे…”

पुढं वाचवेना. काय सापडलं, कुठं सापडलं, किती वेळ लागला, यातलं काहीच त्यात नव्हतं. ‘सतर्कता’, ‘निष्ठा’, ‘आदर्श’ हे शब्द कुठल्याही आठवड्याच्या कुठल्याही क्लिपमध्ये बसले असते. आता मी याचीच कसोटी केली आहे. मसुद्यातलं एखादं वाक्य दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या खात्याच्या माणसानं जसंच्या तसं वापरलं तर चालेल का? चालत असेल तर ते काढायचं. वरचा मसुदा बँकेत, शाळेत, एसटीच्या आगारात, कुठंही चालला असता.

दुसऱ्या मसुद्यात आकडे आले, टेबल आलं, पट्टी आली. पण मध्यभागी ती बाई तशीच राहिली: तिनं पाहिलं, तिनं विचारलं, तिनं शोधलं. सोमवारी टाकण्याआधी तिला फोन करून ऐकवायचा असा माझा शिरस्ता आहे. ज्याची गोष्ट त्याची परवानगी. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “नाव नका घेऊ मॅडम. आणि मी नाही शोधलं. मी नुसतं विचारलं. टेबल वढलं त्या तिघींनी. त्यातल्या एकीच्या हाताला पत्रा लागला, तिचं बोट कापलंय.”

मला बोट माहीतच नव्हतं. पहिल्यांदा तिकडं फोन लावला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते विचारलं, आणि मग मसुदा पुन्हा घेऊन बसले.

नाव गाळलं त्याचं एक कारण नंतर मला वाचनात सापडलं. क्लूगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये, माणसाला त्याच्या कामाबद्दल काही सांगितलं की पुढं काय होतं, यावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीनं काम सुधारतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते उलट घसरतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बोलणं माणसाचं लक्ष कामावरून उठवून स्वतःवर नेऊन ठेवतं तेव्हा नुकसान होतं. शिव्या तर तसं करतातच, स्तुतीही करू शकते. ‘तू किती चांगली’ म्हटलं की ती बाई पुढच्या बॅचला कार्टन मोजताना सगळ्यांच्या नजरा मोजत बसणार. ‘ते एक कुठंय’ या प्रश्नाबद्दल बोललं, तर तो प्रश्न टेबलवर कुणालाही उचलता येतो. तो तिच्या एकटीच्या मालकीचा राहत नाही.

तिसरा मसुदा हा. सोमवारी हाच गेला:

“नमस्कार. गुरुवारी दुसऱ्या पाळीत तीन नंबरच्या टेबलवर पाच एमजीची बॅच संपली. कार्टन आली होती ५,१००. हिशेब लागला ५,०९९ चा. एक कमी. कागदावर एवढा फरक चालतो. सही झाली असती. पुढची बॅच होती अडीच एमजीची, कार्टन त्याच निळ्या रंगाचं. टेबलवर कुणीतरी विचारलं, ते एक कुठंय? पिशवी ओतून मोजली, तिघींनी टेबल ओढलं. पस्तीस मिनिटं लाइन बंद होती. कार्टन बेल्टच्या कडेच्या पट्टीमागं उभं होतं. ते अडीचच्या बॅचमध्ये भरलं गेलं असतं, तर पाचची गोळी लिहून दिलेल्या कुणाला तरी अडीचची मिळाली असती. शोधताना एकीचं बोट कापलं, टाका पडला नाही, आता बरं आहे. ती पस्तीस मिनिटं मी माझ्या सहीनं डाउनटाइममध्ये लिहिली आहेत. या आठवड्यात हिशेबात एक जरी कमी आलं, तर मला बोलवा. मी येते.”

मोबाइलवर लावून बोलले तर पाऊण-एक मिनिटात संपलं. दीड मिनिट भरायचं म्हणून त्यात काही घातलं नाही.

यातली शेवटची तीन वाक्यं माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची आहेत, आणि तीच लिहायला सगळ्यात अवघड गेली. आमच्या उत्पादन प्रमुखांनी रविवारी रात्री मसुदा वाचून विचारलं होतं, “म्हणजे लाइन बंद ठेवल्याचं कौतुक करताय का?” प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांच्यापुढं महिन्याचा आकडा असतो. मी म्हटलं, कौतुक करत नाही, ती वेळ कुणाच्या नावावर पडते ते सांगतेय. टेबलवरच्या बाईला हिशेब करायला शिकवावं लागत नाही. तो तिला येतो. लाइन थांबवली तर रागावणार कोण, एवढंच तिला ठाऊक नसतं. ते सांगितलं नाही, तर वरची सगळी गोष्ट ऐकायला छान आणि करायला महाग राहते. म्हणून आता क्लिपमध्ये ‘तुम्ही हे करा’ असं एक वाक्य आलं, तर ‘मी हे करते’ असं एक वाक्य मी लिहितेच. आणि ते करता येत नसेल, तर तो विषयच घेत नाही. ओव्हरटाइमचे पैसे उशिरा होत असताना बांधिलकीवर क्लिप करायची नाही, हे मी स्वतःला घातलेलं बंधन आहे.

रुग्णाचं वाक्य मी एकच ठेवलं आहे. ते वाढवून कुणा आजीची गोष्ट रचायचा मोह झाला होता. पलीकडचा माणूस दिसला की काम बदलतं हे खरं आहे. अ‍ॅडम ग्रँट या अमेरिकन संशोधकानं २००७ मध्ये याच गोष्टीचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची, त्याच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी पाच मिनिटं भेट घडवली. महिन्याभरानं ते फोनवर दुपटीहून जास्त वेळ काम करत होते. पण त्याच प्रयोगात दुसऱ्या एका गटाला भेटीऐवजी अशा विद्यार्थ्याचं पत्र नुसतं वाचायला दिलं होतं, आणि त्यांच्या कामात असा फरक दिसला नाही. माझी क्लिप त्या पत्राच्या जातीची आहे, भेटीच्या नाही. रचलेली आजी तर पत्राहूनही कच्ची. म्हणून जे नक्की झालं असतं तेवढंच म्हणायचं आणि पुढं जायचं.

चित्रीकरणाचं फार सांगण्यासारखं नाही. सायकल स्टँडच्या मागं भिंतीशी उभी राहते, फोन उभा धरते. पाठांतर करत नाही, कारण पाठ केलेलं बोलताना माझा आवाज स्नेहसंमेलनातल्या निवेदिकेसारखा होतो. कागद हातात ठेवते आणि तो दिसला तरी चालतो. एक गोष्ट मात्र न चुकता करते: सगळं बोलणं मोठ्या अक्षरांत चित्राखाली टाकते. बसमधल्या अर्ध्याअधिक बायका क्लिप ऐकत नाहीत, वाचतात. संगीत घालत नाही. पूर्वी घालायचे. ‘एक कमी’ या दोन शब्दांखाली व्हायोलिन वाजायला लागलं की मलाच खोटं वाटायचं.

त्या सोमवारी अंगठे नऊ आले. पूर्वीच्या निम्म्याहून कमी. पण सकाळी साडेसहाला, आत जाण्याआधी कपडे बदलायच्या गाऊनिंग रूमबाहेर, केस टोपीत कोंबता कोंबता दोघी वाद घालत होत्या. एक म्हणत होती पस्तीस नाही, चाळीस मिनिटं बंद होती, मी घड्याळ बघितलं होतं. दुसरी म्हणत होती, पिशवी दोनदा ओतली, मॅडमनी एकदाच सांगितलं. क्लिप चांगली झाली की नाही हे मी आता यावरून ओळखते. गरुडाच्या गोष्टीत कुणाला दुरुस्ती सुचत नाही. जिथं त्या स्वतः उभ्या होत्या, ती गोष्ट चुकीची सांगितलेली त्यांना चालत नाही.

त्याच आठवड्यात दोनदा बोलावणं आलं. एकदा पत्रकं तीन कमी होती, ती फाटलेल्यांत चिकटलेली निघाली. एकदा माझ्याच बेरजेत चूक होती. दोन्ही वेळा गेले, दोन्ही वेळा मिनिटं माझ्या सहीनं लिहिली. उत्पादन प्रमुखांनी शनिवारी ते आकडे पाहिले आणि काही न बोलता कागद परत दिला.

शुक्रवारी सुटीच्या वेळी मात्र, जिचं बोट कापलं होतं ती लॉकरपाशी थांबली. बोटाला अजून पट्टी होती. म्हणाली, “मॅडम, व्हिडिओ चांगला होता. पण ती फट तशीच हाय.”

“कुठली फट?”

“पट्टीमागची. कार्टन जिथं गेलं ती. परत जाईल की.”

मी आठवडाभर त्या प्रश्नाबद्दल बोलत होते, पस्तीस मिनिटांवर सह्या करत होते, आणि बेल्ट व पट्टीमधली बोटभर फट मला दिसली नव्हती. आम्ही दोघी परत आत गेलो. पुन्हा हात धुणं, पुन्हा टोपी, पुन्हा बूटकव्हर. तिनं एक रद्द झालेलं कोरं कार्टन घेतलं आणि पट्टीपाशी नुसतं सोडलं. सरळ आत गेलं. दुसरं सोडलं, तेही गेलं. मेंटेनन्सला चिठ्ठी लिहिली तेव्हा कळलं की एक आणि चार नंबरच्या टेबललाही तशीच फट आहे.

पुढच्या सोमवारची क्लिप वीस सेकंदांची होती. “गेल्या आठवड्यात मी कार्टन सापडल्याचं सांगितलं, ते आत कसं गेलं ते बघितलं नव्हतं. शुक्रवारी मला दाखवलं. एक, तीन आणि चार नंबरच्या पट्ट्या शनिवारी खाली घेऊन बसवल्या. दोन नंबरची तपासायची राहिली आहे, ती आज दुपारी करू. टेबलवर आल्यावर एक कार्टन टाकून बघा, आत गेलं तर सांगा.”

साडेसातला चार नंबरवरून निरोप आला, जातंय.